सूत्री आणि अर्धगुणसूत्री विभाजन : गुणसूत्रे आणि डीएनए यांचा टप्प्याटप्प्याचा हिशेब

पेशीविभाजन हा शालान्त परीक्षेपासून वैद्यकीय प्रवेशपरीक्षेपर्यंत पुन:पुन्हा भेटणारा विषय आहे. सूत्री विभाजन अर्थात मायटोसिस आणि अर्धगुणसूत्री विभाजन अर्थात मिऑसिस यांच्या अवस्थांची नावे बहुतेक विद्यार्थ्यांना तोंडपाठ असतात. तरीही एका साध्या प्रश्नावर अनेकांची लेखणी अडखळते. मिऑसिसचे पहिले विभाजन संपल्यावर तयार झालेल्या पेशीत गुणसूत्रे किती आणि डीएनए किती? गुणसूत्रे निम्मी झाली, म्हणजे डीएनएही शरीरपेशीच्या निम्मा झाला असणार, असे समजून उत्तर लिहिले जाते आणि ते चुकते. त्या पेशीतील गुणसूत्रे निम्मी झालेली असतात, पण डीएनए मात्र विभाजनाच्या तयारीला न लागलेल्या साध्या शरीरपेशीइतकाच असतो.

या चुकीचे मूळ अवस्थांच्या पाठांतरात नाही. गुणसूत्रांची संख्या आणि डीएनएचे प्रमाण या दोन वेगळ्या मोजण्या असून त्या वेगवेगळ्या क्षणी बदलतात, हे ध्यानात न घेतल्यामुळे गोंधळ होतो. या दोन मोजण्या शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या की दोन्ही विभाजनांतील मुख्य फरक आपोआप उलगडतो. त्यासाठी कांद्यासारखे सोयीचे उदाहरण नाही. कांद्याच्या मुळाच्या टोकात सूत्री विभाजन दिसते, तर डेंगळ्यावर येणाऱ्या कोवळ्या कळ्यांच्या परागकोशात अर्धगुणसूत्री विभाजन पाहता येते. एकाच वनस्पतीत दोन्ही प्रकार सापडत असल्याने आकडे ताडून पाहणे सोपे जाते.

दोन मोजण्या, दोन चिन्हे

गुणसूत्रे मोजण्याचा नियम असा, की जितके गुणसूत्रबिंदू तितकी गुणसूत्रे. डीएनएची प्रत तयार झाल्यावर एका गुणसूत्रात दोन क्रोमॅटिड असतात. परंतु ती दोन्ही गुणसूत्रबिंदूपाशी जोडलेली असेपर्यंत ते एकच गुणसूत्र धरले जाते. गुणसूत्रांच्या संचासाठी n हे चिन्ह वापरतात. कांद्याच्या शरीरपेशीत 2n = 16, म्हणून n = 8.

डीएनएचे प्रमाण C या चिन्हाने दाखवितात. एका अर्धगुणी केंद्रकात, प्रत तयार होण्यापूर्वी, जितका डीएनए असतो तो 1C. हे चिन्ह ह्यूसन स्विफ्ट या अमेरिकी पेशीशास्त्रज्ञाने १९५० मध्ये वनस्पतींच्या केंद्रकांतील डीएनए मोजताना रूढ केले. कांद्यात 1C म्हणजे सुमारे १६.७५ पिकोग्रॅम, एक पिकोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग. अर्थात 2C म्हणजे ३३.५ आणि 4C म्हणजे ६७ पिकोग्रॅम.

n आणि C यांना जोडणारा दुवा म्हणजे डीएनएच्या रेणूंची संख्या. प्रत्येक क्रोमॅटिडमध्ये डीएनएचा एक अखंड दुहेरी रेणू असतो. एकेरी गुणसूत्रात एक रेणू, तर दोन क्रोमॅटिड असलेल्या गुणसूत्रात दोन रेणू. कांद्यात ८ रेणू म्हणजे 1C, १६ रेणू म्हणजे 2C आणि ३२ रेणू म्हणजे 4C. गुणसूत्रे मोजताना गुणसूत्रबिंदूंकडे पाहावे आणि डीएनए मोजताना रेणूंकडे, एवढे भान ठेवले तर पुढील सर्व आकडे तर्काने मांडता येतात.

या दोन मोजण्यांची साधनेही निराळी आहेत. प्रयोगशाळेत ॲसिटोकार्मिनने रंगविलेल्या काचपट्टीवर गुणसूत्रे मोजता येतात, डीएनए नाही. डीएनए मोजण्यासाठी १९२४ मध्ये फॉयल्गेन आणि रोसेनबेक यांनी शोधलेली रंजनपद्धती उपयोगी पडली. या पद्धतीत डीएनए जितका जास्त तितका केंद्रकाचा रंग गडद येतो, आणि केंद्रकातून जाणारा प्रकाश किती शोषला गेला यावरून प्रमाण ठरविता येते. पाठ्यपुस्तकातील n चा स्तंभ सूक्ष्मदर्शकाखालच्या मोजणीतून आला, तर C चा स्तंभ अशा प्रकाशमापनातून.

सूत्री विभाजन : मुळाच्या टोकातील पेशी

वॉल्थर फ्लेमिंग या जर्मन शास्त्रज्ञाने १८८२ मध्ये सूत्री विभाजनाचे तपशीलवार वर्णन प्रसिद्ध केले आणि त्याला मायटोसिस हे नाव दिले. त्याला गुणसूत्रांची हालचाल दिसली. परंतु डीएनए केव्हा दुप्पट होतो हे दिसणे शक्य नव्हते. त्याचे उत्तर १९५० च्या दशकात मिळाले. अल्मा हॉवर्ड आणि स्टीफन पेल्क यांनी विशिया फाबा या शेंगवर्गीय वनस्पतीच्या मुळांना किरणोत्सारी फॉस्फरस देऊन पाहिला. हा फॉस्फरस विभाजन चालू असताना नव्हे, तर त्याआधीच्या अंतरावस्थेतील एका ठरावीक कालखंडात डीएनएमध्ये सामावला जातो, असे १९५३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधातून स्पष्ट झाले. तोच एस टप्पा. त्याच्या आधीचा जी-१ आणि नंतरचा जी-२.

एस टप्प्यात डीएनए दुप्पट होतो, पण नव्या प्रती जुन्या प्रतींना जोडलेल्याच राहतात. म्हणून गुणसूत्रांची संख्या बदलत नाही. पूर्वावस्थेत गुणसूत्रे आखूड व जाड होतात आणि मध्यावस्थेत विषुववृत्तीय प्रतलावर मांडली जातात. या दोन अवस्थांत दोन्हीपैकी कोणताही आकडा हलत नाही. पश्चावस्थेच्या आरंभी भगिनी क्रोमॅटिडना जोडणारा बंध तुटतो आणि प्रत्येक क्रोमॅटिड स्वतंत्र गुणसूत्र ठरते. त्या क्षणी गुणसूत्रांची संख्या दुप्पट होते, मात्र डीएनएत भर पडत नाही. अंत्यावस्थेत दोन केंद्रके बनली की प्रत्येकाच्या वाट्याला दोन्हींचा निम्मा भाग येतो.

| टप्पा | गुणसूत्रे | डीएनए रेणू | डीएनए |
|---|---|---|---|
| जी-१ | १६ (2n) | १६ | 2C (३३.५ पिकोग्रॅम) |
| जी-२ | १६ (2n) | ३२ | 4C (६७ पिकोग्रॅम) |
| पूर्वावस्था | १६ (2n) | ३२ | 4C |
| मध्यावस्था | १६ (2n) | ३२ | 4C |
| पश्चावस्था, संपूर्ण पेशी | ३२ (4n) | ३२ | 4C |
| अंत्यावस्था, प्रत्येक केंद्रक | १६ (2n) | १६ | 2C |
| प्रत्येक कन्यापेशी | १६ (2n) | १६ | 2C |

एस टप्प्याची स्वतंत्र ओळ या कोष्टकात नाही, कारण त्या काळात डीएनए 2C पासून 4C पर्यंत क्रमाक्रमाने वाढत असतो. परीक्षेत ‘एस टप्प्याच्या शेवटी’ असे विचारले असेल, तर उत्तर जी-२ प्रमाणेच लिहावयाचे.

अर्धगुणसूत्री विभाजन : परागकोशातील पेशी

कांद्याच्या परागकोशातील परागमातृपेशीही प्रारंभी १६ गुणसूत्रे आणि 2C डीएनए घेऊनच निघते. तिच्यातही एस टप्प्यात डीएनए 4C होतो. येथपर्यंत मुळातील पेशी आणि ही पेशी यांच्या आकड्यांत फरक नाही. फरक पडतो तो पहिल्या पूर्वावस्थेत. ही अवस्था लांबलचक असते आणि तिच्यात समजात गुणसूत्रे एकमेकांशेजारी येऊन जोड्या बनवितात. अशा जोडीला बायव्हेलंट म्हणतात. कांद्यात १६ गुणसूत्रांच्या ८ जोड्या होतात. जोडीतील गुणसूत्रे परस्परांत तुकड्यांची अदलाबदल करतात. या पारगतीमुळे जनुकांची नवी जुळणी होते. गुणसूत्रांची संख्या किंवा डीएनएचे प्रमाण मात्र बदलत नाही, कारण जेवढे दिले जाते तेवढेच घेतले जाते.

पहिल्या पश्चावस्थेत जोडीतील दोन गुणसूत्रे विरुद्ध ध्रुवांकडे जातात. येथे भगिनी क्रोमॅटिड वेगळी होत नाहीत. गुणसूत्रबिंदूपाशी ती एकत्रच राहतात. म्हणून सूत्री विभाजनातील पश्चावस्थेप्रमाणे येथे गुणसूत्रांची संख्या दुप्पट होत नाही. प्रत्येक ध्रुवाकडे ८ गुणसूत्रे पोहोचतात, परंतु त्या प्रत्येकात दोन क्रोमॅटिड, म्हणजे दोन रेणू असतात. पहिल्या विभाजनाअखेर गुणसूत्रे ८ आणि डीएनए 2C, हे उत्तर येथून येते.

दुसऱ्या विभाजनापूर्वी एस टप्पा नसतो. दुसऱ्या पश्चावस्थेत मात्र भगिनी क्रोमॅटिड वेगळी होतात आणि शेवटी चार पेशी तयार होतात. त्यांपैकी प्रत्येकीत ८ गुणसूत्रे आणि 1C डीएनए असतो.

| टप्पा | गुणसूत्रे | डीएनए रेणू | डीएनए |
|---|---|---|---|
| जी-१ | १६ (2n) | १६ | 2C |
| जी-२ | १६ (2n) | ३२ | 4C |
| पहिली पूर्वावस्था | १६ (2n), ८ जोड्या | ३२ | 4C |
| पहिली मध्यावस्था | १६ (2n), ८ जोड्या | ३२ | 4C |
| पहिली पश्चावस्था, संपूर्ण पेशी | १६ (८ + ८) | ३२ | 4C |
| पहिली अंत्यावस्था, प्रत्येक केंद्रक | ८ (n) | १६ | 2C |
| दुसरी पूर्वावस्था, प्रत्येक पेशी | ८ (n) | १६ | 2C |
| दुसरी मध्यावस्था, प्रत्येक पेशी | ८ (n) | १६ | 2C |
| दुसरी पश्चावस्था, प्रत्येक पेशी | १६ (८ + ८) | १६ | 2C |
| दुसरी अंत्यावस्था, प्रत्येक केंद्रक | ८ (n) | ८ | 1C |

तीन घटनांचा क्रम

दोन्ही कोष्टके बारकाईने पाहिली, तर आकडे बदलणाऱ्या घटना तीनच आहेत असे दिसून येते. पहिली घटना डीएनएची प्रत तयार होण्याची. तिने C दुप्पट होतो, n तसाच राहतो. दुसरी भगिनी क्रोमॅटिड वेगळी होण्याची. तिने गुणसूत्रसंख्या दुप्पट होते, C तसाच राहतो. तिसरी घटना दोन केंद्रके निराळी होण्याची. तिने दोन्ही आकडे निम्मे होतात.

सूत्री विभाजनात क्रम असा : प्रत, क्रोमॅटिड वेगळी होणे, वाटणी. दोनदा दुप्पट करणाऱ्या घटनांनंतर एक वाटणी आल्यामुळे पेशी मूळ पदावर येते. अर्धगुणसूत्री विभाजनात क्रम असा : प्रत, वाटणी, क्रोमॅटिड वेगळी होणे, पुन्हा वाटणी. येथे एक वाटणी जास्तीची आहे आणि ती क्रोमॅटिड वेगळी होण्यापूर्वी घुसविलेली आहे. दोन विभाजनांतील हिशेबाचा सगळा फरक या एका वाढीव वाटणीत सामावला आहे. हा क्रम लक्षात राहिला, तर वरील कोष्टके परीक्षागृहातसुद्धा कोऱ्या कागदावर नव्याने मांडता येतात.

उजळणीसाठी तुलना

| मुद्दा | सूत्री विभाजन | अर्धगुणसूत्री विभाजन |
|---|---|---|
| कांद्यातील स्थान | मुळाचे टोक | परागकोश व बीजांड |
| डीएनएची प्रत | एकदा | एकदा |
| केंद्रकाचे विभाजन | एकदा | दोनदा |
| समजात गुणसूत्रांच्या जोड्या | सामान्यत: होत नाहीत | पहिल्या पूर्वावस्थेत होतात |
| मध्यावस्थेतील मांडणी | १६ सुटी गुणसूत्रे | पहिलीत ८ जोड्या. दुसरीत ८ सुटी गुणसूत्रे |
| भगिनी क्रोमॅटिड वेगळी होणे | पश्चावस्थेत | दुसऱ्या पश्चावस्थेत |
| तयार होणारी केंद्रके | दोन | चार |
| प्रत्येकातील गुणसूत्रे | मूळ पेशीइतकी | मूळ पेशीच्या निम्मी |
| प्रत्येकातील डीएनए | जी-१ इतका | जी-१ च्या निम्मा |
| जनुकीय स्वरूप | मूळ पेशीसारखेच | मूळ पेशीहून व परस्परांहून भिन्न |

या तुलनेत एक वाक्य जाणीवपूर्वक टाळले आहे. ‘सूत्री विभाजन द्विगुणी पेशीतच होते’ असे काही विद्यार्थी लिहितात, ते बरोबर नाही. कांद्याच्या परागकोशात तयार झालेली अर्धगुणी पेशी परागकणात रूपांतरित होताना पुन्हा विभागली जाते, आणि ते विभाजन सूत्रीच असते. ती पेशी आधी आपल्या डीएनएची प्रत तयार करून 1C वरून 2C वर जाते, तिच्या मध्यावस्थेत ८ गुणसूत्रे असतात आणि विभाजनानंतर प्रत्येक केंद्रकात ८ गुणसूत्रे व 1C डीएनए उरतो. म्हणजे ‘८ गुणसूत्रे, 2C’ ही नोंद मिऑसिसच्या दुसऱ्या मध्यावस्थेची असू शकते, तशीच परागकणातील सूत्री विभाजनाचीही. आकड्यांवरून अवस्था ओळखताना पेशी कोठली आहे हेही पाहावे लागते.

चुका कोठे होतात

सर्वाधिक गोंधळ पश्चावस्थेत होतो, कारण प्रश्न संपूर्ण पेशीविषयी आहे की एका ध्रुवाविषयी हे वाचले जात नाही. मुळाच्या पेशीत पश्चावस्थेला एकूण ३२ गुणसूत्रे असतात, पण एका ध्रुवाकडे १६ जात असतात. दोन्ही विधाने खरी आहेत. उत्तर कोणते हे प्रश्नातील शब्दांवर अवलंबून असते. उत्तरपत्रिकेत आकड्यासोबत ‘संपूर्ण पेशीत’ किंवा ‘प्रत्येक ध्रुवाकडे’ असे स्पष्ट लिहिले, तर संदिग्धता राहत नाही.

दुसरी चूक जोड्यांना गुणसूत्रे समजण्याची. पहिल्या मध्यावस्थेत सूक्ष्मदर्शकाखाली ८ ठळक आकृती दिसतात आणि संख्या निम्मी झाली असा समज होतो. प्रत्यक्षात त्या ८ जोड्या असतात. प्रत्येक जोडीत २ गुणसूत्रे, ४ क्रोमॅटिड. म्हणून गुणसूत्रे १६ आणि रेणू ३२. प्रात्यक्षिक परीक्षेत काचपट्टी ओळखतानाही हाच निकष कामी येतो. मुळाच्या टोकातील मध्यावस्थेत लांब, सुटी गुणसूत्रे दिसतात. पहिल्या मध्यावस्थेत आखूड, वलयासारख्या किंवा फुलीसारख्या जोड्या दिसतात.

आपले उत्तर तपासण्याची एक सोपी रीत आहे. कोणत्याही अवस्थेत डीएनए रेणूंची संख्या गुणसूत्रांइतकी तरी असते किंवा बरोबर दुप्पट तरी. शिवाय पुढे क्रोमॅटिड वेगळी व्हावयाची असतील, तर ती दुप्पटच असली पाहिजे. पहिल्या विभाजनाअखेर ‘८ गुणसूत्रे, 1C’ असे लिहिले, तर रेणू ८ ठरतात, म्हणजे प्रत्येक गुणसूत्र एकेरी. मग दुसऱ्या विभाजनात वेगळे होण्यासाठी काही उरतच नाही. उत्तर चुकले आहे हे तेथेच कळते.

एक सोडविलेले उदाहरण

मक्याच्या परागमातृपेशीत पहिल्या मध्यावस्थेला १० जोड्या आहेत आणि डीएनए ४० एकके आहे, असे समजू. जी-१ मधील पेशी, पहिल्या विभाजनानंतरची पेशी, दुसऱ्या पश्चावस्थेतील पेशी आणि अंतिम पेशी यांतील गुणसूत्रे व डीएनए काढावयाचा आहे.

१० जोड्या म्हणजे २० गुणसूत्रे; म्हणून 2n = 20, n = 10. पहिल्या मध्यावस्थेत डीएनए 4C असतो. 4C म्हणजे ४० एकके, म्हणून 1C म्हणजे १० एकके. आता तीन घटनांचा क्रम लावावयाचा. जी-१ मध्ये प्रत तयार झालेली नव्हती, म्हणून गुणसूत्रे २० आणि डीएनए २० एकके. पहिल्या मध्यावस्थेनंतर एक वाटणी झाली. गुणसूत्रे १०, डीएनए २० एकके. दुसऱ्या पश्चावस्थेत क्रोमॅटिड वेगळी झाली; संपूर्ण पेशीत गुणसूत्रे २०, डीएनए २० एककेच. पुन्हा वाटणी झाली; अंतिम पेशीत गुणसूत्रे १०, डीएनए १० एकके.

या उदाहरणात जी-१ मधील पेशी आणि दुसऱ्या पश्चावस्थेतील पेशी यांचे दोन्ही आकडे सारखेच आले आहेत. तरीही दोन्ही पेशी एकसारख्या नाहीत. जी-१ मध्ये समजात गुणसूत्रांचे दोन संच आहेत. दुसऱ्या पश्चावस्थेत मात्र एकाच संचाच्या दोन प्रती एकमेकींपासून दूर जात आहेत. n आणि C ही चिन्हे संख्या सांगतात, संचात कोण आहे ते सांगत नाहीत. कोष्टकाची ही मर्यादा ओळखून असावे.

दुसरी मर्यादा अशी, की एका जातीतील आकड्यांवरून दुसऱ्या जातीविषयी काही ठरविता येत नाही. माणसाच्या पेशीत ४६ गुणसूत्रे आणि कांद्याच्या पेशीत १६. परंतु कांद्याच्या पेशीतील डीएनए माणसाच्या पेशीतील डीएनएच्या जवळजवळ पाचपट भरतो.

स्त्रीबीजाचा हिशेब

हाच हिशेब माणसाला लावला असता एक अनपेक्षित उत्तर मिळते. शुक्रपेशीत २३ गुणसूत्रे आणि 1C डीएनए असतो, हे सर्वांना ठाऊक असते. अंडाशयातून बाहेर पडणाऱ्या स्त्रीबीजातही तेवढेच असणार, असे गृहीत धरले जाते. ते तसे नाही. मुलीच्या जन्मापूर्वीच तिच्या अंडाशयातील पेशी डीएनएची प्रत तयार करून मिऑसिसच्या पहिल्या पूर्वावस्थेत शिरतात आणि तेथेच थांबतात. ४६ गुणसूत्रे आणि 4C डीएनए घेऊन त्या वर्षानुवर्षे तशाच राहतात. वयात आल्यानंतर दर मासिक चक्रात सामान्यत: एक पेशी पहिले विभाजन पूर्ण करते, एक लहान ध्रुवपेशी बाहेर टाकते आणि दुसऱ्या मध्यावस्थेत पुन्हा थांबते. अंडाशयातून बाहेर पडते ती ही पेशी. तिच्यात २३ गुणसूत्रे असतात, पण डीएनए 2C असतो. शुक्रपेशीने प्रवेश केला तरच दुसरे विभाजन पूर्ण होते, दुसरी ध्रुवपेशी बाहेर पडते आणि स्त्रीकेंद्रकात 1C डीएनए उरतो.

इतका काळ रखडलेल्या पहिल्या विभाजनात कधी कधी एखादी जोडी नीट विलग होत नाही. २१ व्या क्रमांकाच्या जोडीबाबत असे घडले आणि दोन्ही गुणसूत्रे स्त्रीबीजातच राहिली, तर स्त्रीबीजात २४ आणि फलित पेशीत ४७ गुणसूत्रे येतात. डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांमध्ये ४७ गुणसूत्रे असतात, हे फ्रान्समधील जेरोम लजन, मार्थ गोतिए आणि रेमों तुर्पँ यांनी १९५९ मध्ये प्रसिद्ध केले. अशा बहुतांश मुलांमध्ये जादा गुणसूत्र मातेकडून आलेले असते आणि चूक बहुधा पहिल्या विभाजनातील असते. मातेचे वय वाढते तशी या चुकीची शक्यता वाढते.

चूक पहिल्या विभाजनात झाली की दुसऱ्या, हे गुणसूत्रे मोजून समजत नाही. दोन्ही वेळा स्त्रीबीजात २४ गुणसूत्रेच येतात. त्यासाठी गुणसूत्रबिंदूजवळच्या डीएनएची खूण तपासतात. मातेकडून आलेल्या दोन गुणसूत्रांवर तेथे तिच्या दोन्ही समजात गुणसूत्रांच्या वेगवेगळ्या खुणा आढळल्या, तर जोडीच विलग झाली नव्हती आणि चूक पहिल्या विभाजनातील असे मानले जाते. दोन्हीवर एकच खूण आढळली, तर भगिनी क्रोमॅटिड विलग झाली नव्हती, म्हणजे चूक दुसऱ्या विभाजनातील. गुणसूत्रबिंदूजवळ पारगती क्वचितच होते, त्यामुळे तेथील खुणेवर भरवसा ठेवता येतो. पहिल्या विभाजनात समजात गुणसूत्रे वेगळी होतात आणि दुसऱ्यात क्रोमॅटिड, हे कोष्टकातील विधानच या तपासणीचा आधार आहे.